साहेबांना नेमकं काय विचारू?

ताई, सप्रेम नमस्कार. मी रत्नागिरीजवळच्या एका आंबा प्रक्रिया कारखान्यात प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहे. पल्पची नवीन लाइन बसवायचं काम यंदा माझ्याकडे होतं. 10 एप्रिलला चालू व्हायची लाइन 2 मे रोजी चालू झाली. पुरवठादाराने पल्पर उशिरा दिला. उशीर होणार हे मला 18 मार्चला कळलं होतं, पण मागे लागून दिवस भरून काढता येतील असं वाटलं, म्हणून साहेबांना 3 एप्रिलला सांगितलं. बागायतदारांचा बराच माल दुसऱ्या कारखान्यांत गेला. सीझन संपल्यावर मी साहेबांना विचारलं, ‘सर, माझ्या कामाबद्दल तुम्हाला काय वाटलं?’ ते म्हणाले, ‘अगं ठीक आहे, नवीन लाइन म्हटली की असं होतंच. पुढच्या वेळी थोडं लक्ष दे.’ पण मालकांशी फोनवर बोलताना ‘तिच्यावर एवढं सोडायला नको होतं’ असं ते म्हणाल्याचं माझ्या कानावर आलंय. मला खरं ऐकायचंय. कसं विचारू?
— स., पावस

प्रिय स.,

आधी साहेबांच्या बाजूने थोडं बोलते. ते तुला फसवत होते असं मला वाटत नाही. ‘माझ्या कामाबद्दल काय वाटलं’ असं कुणी विचारलं, की ऐकणाऱ्याला कित्येक महिन्यांचं काम एका वाक्यात तोलावं लागतं, आणि तेही ज्याचं काम तो माणूस समोर उभा असताना. कारखान्यांच्या एचआर विभागात मी बरीच वर्षं काढली आहेत. अशा वेळी साहेबाच्या डोक्यात पहिल्यांदा काम येत नाही. हिला वाईट वाटेल का, ही वाद घालेल का, उद्यापासून तोंड पाडून बसेल का, हे येतं. मग ‘ठीक आहे’ निघून जातं. 1970 साली सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं होतं, की चांगली बातमी माणसं चटकन आणि पूर्ण सांगतात, वाईट बातमी मात्र ज्याची त्याला सांगताना अडखळतात. मालकांना जे सांगता आलं ते तुला का सांगता आलं नाही, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं निम्मं आपल्या मुलखात आहे. मुंबईत संध्याकाळी साहेब आणि हाताखालची माणसं वेगवेगळ्या लोकलने वेगवेगळ्या दिशांना जातात. इथे साहेबांची बायको आणि तुझी आई एकाच बँकेच्या रांगेत भेटतात, गणपतीत तुम्ही त्यांच्याकडे आरतीला जाता, लग्नाच्या पत्रिका एकमेकांच्या घरी पोचतात. कोकणी माणूस फटकळ म्हणून प्रसिद्ध, आणि नाक्यावर राजकारणाच्या गप्पा चालल्या की तो असतोही. पण रोज ज्याचं तोंड बघायचं त्याला तोंडावर बोलायची वेळ आली, की ‘जाऊ दे’ म्हणून विषय संपवतो. त्यात तू मुलगी. पुरुष साहेब बायकांशी बोलताना अजूनच मऊ शब्द वापरतात, आणि त्या मऊपणाची किंमत बायकाच मोजतात, कारण नेमकं काय सुधारायचं हे त्यांना कुणी सांगतच नाही.

म्हणून साहेबांना अधिक मोकळं बोला असं सांगून काही होणार नाही. ‘सर, अगदी स्पष्ट सांगा, मला वाईट वाटणार नाही’ हे वाक्य तर अजिबात वापरू नकोस. ते ऐकल्यावर माणूस आणखी सावध होतो. तुला तोलायची वेळ त्यांच्यावर येणारच नाही असे प्रश्न विचारायचे. साहेब दिवसभर तीन गोष्टी सहज करतात: काय कधी झालं ते आठवतात, एखाद्या पेचात काय करावं ते सांगतात, आणि कोणतं काम कुणाकडे द्यायचं ते ठरवतात. तुझे तिन्ही प्रश्न या तीन सवयींना धरून असू देत.

भेटीला जायच्या आधी एक पान तयार कर. तारखांचं पान, बाकी काही नाही. डाव्या बाजूला काय घडलं, मधे मला कधी कळलं, उजवीकडे मी कुणाला कधी सांगितलं. पल्परची ऑर्डर, पुरवठादाराचा 18 मार्चचा निरोप, 3 एप्रिल, यंत्र गेटवर आलं तो दिवस, पाण्यावरची ट्रायल, फळावरची पहिली बॅच. हे आठवणीतून लिहू नकोस. व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल आणि गेटवरचं आवक रजिस्टर समोर घेऊन लिही, कारण आपली आठवण आपल्याला सोयीच्या बाजूने सरकते. पानावर कारणं लिहायची नाहीत. ‘पुरवठादाराने फसवलं’ असं एकदा लिहिलंस की अर्धा तास पुरवठादारावरच जाईल, आणि त्याबद्दल तुम्हा दोघांचं आधीच एकमत आहे.

वेळेबद्दल फार विचार नको. फक्त कॅनिंग आटोपून पावसाळी देखभालीची कामं सुरू झाली असतील तेव्हाच भेट, गणपतीपर्यंत थांबू नकोस. दोन महिन्यांनी साहेबांना तारखा आठवणार नाहीत आणि ‘एकंदरीत ठीक होतं’ एवढंच शिल्लक राहील. दारात उभं राहून विचारायचं नाही, आणि प्रश्न आधी पाठवायचे. आधी पाठवले तर परीक्षेचा पेपर फुटल्यासारखं होईल अशी भीती बऱ्याच जणांना वाटते. तसं होत नाही. जो माणूस अवघड गोष्ट बोलायला कचरतो, त्याला शब्द शोधायला एक रात्र मिळते. मेसेज असा काहीसा असू दे:

‘सर, नवीन लाइनच्या कामात मी पुढच्या वेळी काय वेगळं करावं ते समजून घ्यायचंय. गुरुवारी किंवा शुक्रवारी साडेतीननंतर अर्धा तास मिळेल का? तीन गोष्टी विचारणार आहे. तारीख चुकणार हे तुम्हाला कधी जाणवलं, मार्चमध्ये माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं, आणि पुढच्या कामातला कोणता भाग माझ्याकडे द्यावासा वाटेल. पगार-बढतीबद्दल यात काही बोलायचं नाही.’

ते शेवटचं वाक्य गाळू नकोस. बढतीचा वास आला की साहेब प्रत्येक शब्द मोजून बोलतील, कारण आज जे बोलतील ते उद्या कागदावर येईल अशी धास्ती त्यांनाही असते.

आता पहिला प्रश्न. ‘सर, 10 एप्रिल होत नाही असं तुम्हाला पहिल्यांदा कोणत्या दिवशी वाटलं?’ दिसायला साधा आहे, पण यात मत मागितलेलं नाही, दिवस मागितलाय. दिवस सांगताना माणूस त्या दिवशीचा प्रसंग सांगतो, आणि प्रसंग सांगता सांगता तेव्हा काय वाटलं होतं तेही बोलून जातो. ते कदाचित म्हणतील, ‘तू 3 तारखेला सांगितलंस तेव्हाच.’ किंवा म्हणतील, ‘मला तर मार्चच्या सुरुवातीलाच शंका होती.’ ही दोन उत्तरं तुला अगदी वेगळ्या ठिकाणी नेतात. पहिल्यात त्यांना धक्का बसला होता. दुसऱ्यात त्यांना अंदाज होता आणि तू कधी बोलतेस याची ते वाट बघत होते.

तुझं पत्र वाचून माझा तर्क काय होतो हे तू ओळखलंच असशील. 18 मार्च ते 3 एप्रिल हे सोळा दिवस. पण भेटीत तू स्वतःहून ‘मी उशिरा सांगितलं म्हणून रागावलात का’ असं विचारू नकोस. अशा प्रश्नात उत्तर आयतं असतं. ते ‘हो, तेच’ म्हणतील आणि सुटतील, आणि खरी गोष्ट दुसरी असेल तर ती आतच राहील. माझा तर्क चुकूही शकतो. तो बरोबर असेल तर तारखेच्या प्रश्नातून आपोआप वर येईल.

दुसरा प्रश्न निर्णयाचा. ‘18 मार्चला पुरवठादाराचा निरोप आला तेव्हा मी रोज फोन करून मागे लागायचं ठरवलं. त्या दिवशी माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?’ इथे तू अभिप्राय मागत नाहीस, सल्ला मागतेस, आणि या दोहोंत फरक पडतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी 2019 मध्ये याच फरकावरचं काम मांडलं. फीडबॅक मागितला की लोक ढोबळ आणि गोड बोलतात, सल्ला मागितला की उणिवाही जास्त दाखवतात आणि करता येण्याजोगं काहीतरी जास्त सांगतात. त्यांचं म्हणणं असं, की फीडबॅक म्हटलं की डोकं मागे वळून गुण द्यायला लागतं, आणि सल्ला म्हटलं की पुढे काय करता येईल ते शोधू लागतं. मला कारखान्यात दिसलं तेही याहून वेगळं नव्हतं. ज्या साहेबाला ‘तुझं चुकलं’ म्हणायला जड जातं, तोच ‘मी असतो तर’ म्हणून अर्धा तास बोलतो.

या प्रश्नात तू तुझा निर्णय आधी स्वतःच्या तोंडाने मांडतेस, हे मुद्दाम आहे. ‘मी तेव्हा काय करायला हवं होतं’ असं नुसतं विचारलंस तर त्यांना आधी तू काय केलंस ते आठवावं लागेल, आणि सगळं आठवणारही नाही. पण निर्णय सांगताना त्याचं समर्थन करायचं नाही. ‘कारण मला वाटलं की’ इथून सुरू झालेलं वाक्य पुढे लांबतच जातं.

तिसरा प्रश्न मला या तिन्हींत सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘समजा पुढच्या वर्षी शीतगृहाचं काम मला दिलंत, तर त्यातला कोणता भाग माझ्यावर पूर्ण सोडाल, आणि कोणता स्वतःच्या हातात ठेवाल?’ शीतगृह मी उदाहरणादाखल घेतलं, तुमच्याकडे जे काम येऊ घातलं असेल ते घे, पण खरंखुरं घे. काल्पनिक कामाला काल्पनिक उत्तर येतं. हा प्रश्न का चालतो तर साहेबाला इथे तुझ्याबद्दल काही बोलावंच लागत नाही. तो कामाची वाटणी करतो, जी रोजच करतो. पण त्या वाटणीत त्याचा तुझ्यावर कुठे विश्वास आहे आणि कुठे नाही याचा नकाशा येतो. ‘सिव्हिल काम, कामगार, सेफ्टी सगळं तुझ्याकडे. पुरवठादाराशी बोलणी मी करीन’ असं ते म्हणाले, तर तुला कळलं. आणि मालकांशी फोनवर ते जे म्हणाले असं तू ऐकलंस, त्यातलं ‘एवढं’ म्हणजे नेमकं किती, याचंही उत्तर इथेच मिळतं, तो फोन न काढता.

तो फोन काढायचाच नाही, बरं का. ऐकीव गोष्ट आहे. ती टेबलावर ठेवलीस की साहेबांचं पहिलं लक्ष तुला हे कुणी सांगितलं याकडे जाईल, आणि ज्या बिचाऱ्याने सांगितलं त्याची पंचाईत होईल.

प्रश्न विचारून झाला की गप्प बस. लिहिलंय तितकं हे सोपं नाही. आपल्याला शांतता सोसत नाही, साहेब विचार करत असतात आणि आपणच बोलून जातो, ‘म्हणजे सर, तसं माझंही थोडं चुकलंच.’ झालं, त्यांची सुटका झाली. समोरचा पान चाळेल, चष्मा पुसेल, खिडकीतून पाऊस बघेल. बघू दे.

बोलणं साधारण कसं जाईल हे डोळ्यांपुढे यावं म्हणून थोडं रंगवून दाखवते. तू तारखेचा प्रश्न विचारलास.

‘तारीख? 3 एप्रिलला. तू केबिनमध्ये आलीस तेव्हा.’

‘त्याआधी काहीच शंका नव्हती?’

‘नव्हती. तू दर सोमवारी सांगत होतीस, काम चालू आहे म्हणून. मीही बागायतदारांना तेच सांगत होतो.’

इथे तुला टोचेल. ‘पण सर, काम चालूच होतं’ असं तोंडावर येईल. ते गिळ. वहीत लिही आणि दुसरा प्रश्न विचार, 18 मार्चचा.

‘मी असतो तर? मी त्याच दिवशी चिपळूणकडच्या दोन कारखान्यांना फोन केला असता. जॉब वर्कला आपला आंबा घ्याल का म्हणून. मार्चअखेर त्यांच्याकडे जागा असते. एप्रिलमध्ये कोण देतंय? तू सांगितलंस तेव्हा मी विचारलं, सगळे भरलेले.’

स., हा उत्तराचा गाभा आहे, आणि ‘थोडं लक्ष दे’ यात तो कुठेही नव्हता. उशीर झाला ही साहेबांची तक्रारच नाही. पल्पर उशिरा येणार हे ठरल्यावरही आपल्या बागायतदारांचा माल आपल्याच नावाने दुसऱ्याच्या यंत्रावर काढून घ्यायची एक वाट उघडी होती, आणि ती बंद झाल्यावर त्यांना कळलं. तुला ती वाट ठाऊक नव्हती. ठाऊक असायला हवी होती असंही नाही, कारण जॉब वर्कचे व्यवहार साहेब बघतात. पण म्हणूनच बातमी त्यांच्यापर्यंत लवकर जायला हवी होती. यातून पुढच्या वेळचा नियमही निघतो: तारखेला धोका दिसला की उपाय हाती नसला तरी त्याच दिवशी सांगायचं, कारण उपाय दुसऱ्याच्या हातात असू शकतो. हे सगळं मी कल्पनेने लिहिलंय, तुझे साहेब दुसरंच काही बोलतील. पण उपयोगी उत्तर दिसतं कसं, हे लक्षात यावं. त्यात एक दिवस असतो, कुणीतरी केलेली किंवा न केलेली एक गोष्ट असते, आणि तिचा झालेला परिणाम असतो. या तिन्हींपैकी एखादी सापडत नसेल तर उत्तर अजून अर्धंच आहे.

अर्धं उत्तर आलं तर ते उकलायला एकच साधन पुरेसं आहे: ‘असं झालेला एखादा प्रसंग सांगाल का, सर?’ ते म्हणाले ‘तू फॉलोअप कमी करतेस’, तर प्रसंग विचार. ‘तुझं कम्युनिकेशन सुधारायला हवं’, तर प्रसंग विचार. ‘का’ मात्र विचारू नकोस. ‘असं का वाटतं तुम्हाला’ हे कितीही नम्रपणे विचारलं तरी ऐकणाऱ्याला उलटतपासणीसारखं लागतं.

बिघडतं कुठे तेही सांगते. सगळ्यात जास्त वेळा बोलणं कामावरून स्वभावावर घसरतं. ‘तू फार बुजरी आहेस गो, पुरवठादाराला दम द्यायला पाहिजे होता.’ हे ऐकून तू घरी जाऊन आपण बुजऱ्या आहोत का यावर रात्र घालवशील, आणि पुढच्या प्रोजेक्टला त्याचा काडीचा उपयोग होणार नाही. अवराहम क्लुगर आणि अँजेलो डीनिसी यांनी 1996 मध्ये फीडबॅकवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून तपासले, तेव्हा सरासरीने फीडबॅकचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा फीडबॅकनंतर काम आणखी खालावलेलं होतं. त्यांनी मांडलेलं स्पष्टीकरण असं, की लक्ष हातातल्या कामावरून ‘मी कशी आहे’ याकडे वळलं की फीडबॅकचा उपयोग कमी होत जातो. म्हणून स्वभावाचं वाक्य आलं की ते हळूच कामाकडे वळव: ‘बरोबर सर. त्या फोनवर मी नेमकं काय म्हणायला हवं होतं?’ आता ते सांगतील, की उरलेलं पेमेंट रोखू म्हणायचं होतं, किंवा त्यांच्या वर्कशॉपमध्ये माणूस पाठवून यंत्र किती तयार आहे ते बघायचं होतं. यातलं काहीही तुला पुढच्या वेळी करता येईल, स्वभाव न बदलता.

दुसरं, साहेब चुकीची माहिती धरून बोलतील. म्हणतील, ऑर्डरच तू उशिरा दिलीस, आणि तुझ्या पानावर तर वेगळी तारीख आहे. तिथल्या तिथे दुरुस्त करावंसं वाटेल. नको. त्या क्षणी दुरुस्ती म्हणजे वाद, आणि वाद सुरू झाला की उरलेलं खरं बोलणं बंद. ‘हे मी तपासून उद्या सांगते’ म्हण, आणि खरंच उद्या सांग, ईमेल पुढे पाठवून, एका ओळीत.

तिसरं, काही साहेब काही केल्या बोलत नाहीत. तिन्ही प्रश्नांना ‘तसं काही नाही गं’ हेच उत्तर. तर मग ताणू नकोस. चहा घे आणि ये. तोच तारखेचा प्रश्न प्रॉडक्शनच्या सुपरवायझरला विचार आणि बागायतदारांकडून माल गोळा करणाऱ्या एजंटला विचार. उशिराचा मार एजंटने सगळ्यात आधी खाल्लेला असतो. बाग त्याने शब्दावर बांधलेली असते आणि बागायतदाराच्या शिव्या त्यालाच पडतात. तो तुझा साहेब नाही, त्याला तुझ्या भावना सांभाळायच्या नाहीत. तू फक्त ऐकायची तयारी ठेव. तो मालवणीतून सुरू झाला की थांबत नाही.

आणि एक मर्यादाही मान्य कर. साहेब जे सांगतील ते त्यांच्या खुर्चीतून दिसलेलं असेल. पल्परसाठी हा पुरवठादार कुणी निवडला, ऑर्डर मंजूर व्हायला वर किती दिवस लागले, दुसरा माणूस मदतीला का दिला नाही, यात त्यांचाही वाटा असू शकतो, आणि तो ते सहसा बोलणार नाहीत. त्यांच्याकडून ते वदवून घेणं या भेटीचं काम नाही. पण घरी आल्यावर तुझ्या पानावर तुझ्यापुरतं लिहून ठेव, म्हणजे सगळा भार एकटीच्या डोक्यावर घेऊन बसणार नाहीस.

भेट झाली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन-तीन ओळींचा मेसेज कर. आभाराचं पाल्हाळ नको. ‘सर, काल मला समजलं ते असं: तारखेला धोका दिसला की त्याच दिवशी तुम्हाला सांगायचं, उपाय नसला तरी. यापुढे दर सोमवारी कामाच्या मेसेजमध्ये धोक्यात असलेल्या तारखा वेगळ्या लिहीन. चुकीचं समजले असेन तर सांगा.’ त्या शेवटच्या वाक्याला पुष्कळदा भेटीपेक्षा चांगलं उत्तर येतं. समोर बसून जे जड गेलं ते माणूस घरी पोचून, जेवून, फोनवर दोन ओळींत लिहितो.

मग तो सोमवारचा मेसेज खरंच पाठव, सध्या देखभालीची किरकोळ कामं असली तरी. धोक्यात काही नसेल त्या आठवड्यात तसंही लिही. साहेब उत्तर देणार नाहीत, नुसता अंगठा येईल, कधी तोही नाही. महिना-दीड महिना झाला की जाता जाता विचार, ‘सर, सोमवारच्या मेसेजमध्ये अजून काय असलं तर तुम्हाला उपयोगी पडेल?’ एवढ्या लहान प्रश्नाला लोक सहज उत्तर देतात, आणि पहिल्या भेटीत न निघालेलं काहीतरी तेव्हा निघतं. ‘पुरवठादाराचं नाव लिहीत जा, मी पण एक फोन टाकीन’ असं ते म्हणाले, तर तिसऱ्या प्रश्नात जो भाग ते स्वतःकडे ठेवणार होते, त्यात तुला पाऊल टाकायला मिळालं.

बढतीचं तू पत्रात काही लिहिलेलं नाहीस, पण तो विचार मनात असणारच. त्यासाठी वेगळी वेळ माग, या भेटीनंतर निदान दोन महिन्यांनी, आणि त्या दिवशी विषय एकच ठेव. सोमवारचे मेसेज तोवर आठ-नऊ झाले असतील, ते सोबत ने.

तुझी,
ताई